नळाचं बिल अचानक फुगलं तर: नागपुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नागपुरात नवं घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहायला आलेल्या माणसाला पहिले तीन-चार महिने नळाचं बिल वाचावंसं वाटत नाही, कारण रक्कम लहान असते. दीड-दोनशे रुपये येतात, आपण भरून मोकळे होतो. मग एक दिवस दोन हजारांच्या वर बिल येतं आणि घरात दोनच मतं निघतात: एक तर मीटर खराब आहे, नाहीतर बिल काढणाऱ्यांनी चूक केली आहे. पुष्कळदा खरं कारण या दोन्हींच्या मधलं असतं. बिलात दुरुस्तीला जागा असते, आणि घरात पाणीही कुठेतरी जात असतं. हे दोन्ही एकाच बिलातून कसं ओळखायचं, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी एवढं लक्षात घ्या की शहराचं पाणी महानगरपालिकेचं आहे, पण 2012 पासून पाणीपुरवठ्याचं रोजचं काम, मीटर रीडिंग आणि बिलं ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पालिकेच्या वतीने सांभाळते. म्हणून बिलाच्या बाबतीत जायचं ते तुमच्या झोनच्या कार्यालयात. शहरात असे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. आपला झोन कोणता हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा बिलावर बघावं. सीमेवरच्या वस्त्यांमध्ये समोरासमोरची घरं वेगवेगळ्या झोनमध्ये असू शकतात.

आधी मीटरपाशी जा, मग बिल उघडा

मीटर बहुतेक फाटकाजवळ, कंपाउंडच्या भिंतीला लागून किंवा जमिनीतल्या छोट्या खड्ड्यात असतं. झाकण उचला, काच ओल्या फडक्याने पुसा. आत आकड्यांची एक ओळ दिसेल. काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच 1000 लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एकदा रिकामी होऊन भरली की एक युनिट झालं. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या या युनिटपेक्षा लहान मापाच्या असतात: शंभर लिटर, दहा लिटर, एक लिटर. बिलात फक्त काळे आकडे धरतात. लाल आकडे आपल्याला गळती शोधताना कामी येतील.

मीटरच्या मधोमध किंवा बाजूला एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. पाणी अगदी बारीक धारेने जात असलं तरी ती फिरते. घरात सगळे नळ बंद, टाकीही भरलेली, आणि तरी चांदणी फिरते आहे, असं दिसलं तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

काळे आकडे, आजची तारीख आणि मीटरचा नंबर यांचा मोबाइलवर फोटो काढा. मीटरचा नंबर मीटरच्या कड्यावर किंवा तबकडीवर कोरलेला असतो. तो बिलावरच्या मीटर नंबरशी जुळवा. एकाच भिंतीवर तीन-चार मीटर असलेल्या इमारतीत ही जुळवाजुळव आधी करा, कारण तिथे वरच्या मजल्याचं रीडिंग खालच्याच्या नावावर जाण्याची शक्यता खरीच असते. मीटर नंबर जुळत नसेल तर पुढचा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी तेवढ्याचीच तक्रार करा.

आता बिलावरचं चालू रीडिंग बघा. ते तुमच्या आजच्या फोटोतल्या आकड्यापेक्षा थोडं कमी असायला हवं, कारण रीडिंग घेतल्यापासून आजपर्यंत तुम्ही पाणी वापरलेलं आहे. बिलावरचा आकडा मीटरपेक्षा जास्त असेल तर रीडिंग चुकलं आहे, यात वाद नाही. जवळजवळ दहापट दिसला तर बहुधा पहिला लाल आकडाही काळ्यात धरला गेला आहे. अशी चूक फोटो दाखवल्यावर मान्य व्हायला वेळ लागत नाही.

रीडिंगच्या शेजारी काय लिहिलंय?

बिलावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांतला फरक म्हणजे वापर, हे तीन आकडे असतात. पण त्यांच्या आसपास रीडिंग कसं मिळालं याची खूण असते, आणि अचानक वाढलेल्या बिलाची गुरुकिल्ली बहुतेक वेळा तिथेच असते. फाटकाला कुलूप, मीटरवर माती, काचेत धुकं, अंगणात मोकळं कुत्रं, कारण काहीही असो. रीडिंग मिळालं नाही की वापर सरासरीने धरला जातो. म्हणजे आधीच्या काही महिन्यांत तुम्ही जेवढं वापरत होतात तेवढंच आताही वापरलं असेल असं मानून बिल काढतात.

नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात, मुलं शाळेत, दिवसभर फाटक बंद, अशा घरांत हे सहज होतं. सरासरीचं बिल ही फसवणूक नाही, तो तात्पुरता अंदाज आहे. पण तो अंदाज तीन-चार महिने चालला आणि त्या काळात घरात गळती सुरू झाली, तर त्या गळतीची बातमी तुमच्यापर्यंत पोचतच नाही. दर महिन्याला तेच नेहमीचं बिल येत राहतं. शेवटी एक दिवस रीडिंग घेणाऱ्याला फाटक उघडं मिळतं आणि चार महिन्यांचा खरा वापर एकाच कागदावर उतरतो.

म्हणून फुगलेलं बिल आलं की मागची चार-पाच बिलं काढून ओळीने मांडा. वापराचा आकडा लागोपाठ सारखाच दिसला, 18, 18, 18 असा, तर ते सरासरीचं बिल होतं असं समजा. खऱ्या घरात दर महिन्याचा वापर इतका काटेकोर सारखा येत नाही.

एक बिल पूर्ण सोडवून बघू

समजा मानेवाड्याच्या बाजूला एक घर आहे. पाच माणसं, खाली संप, वर हजार लिटरची टाकी. 10 डिसेंबरला मीटरचं खरं रीडिंग 1412 होतं. त्यानंतर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तिन्ही महिन्यांना 18 युनिटची सरासरी लागली. 10 एप्रिलला खरं रीडिंग घेतलं, ते निघालं 1536. म्हणजे चार महिन्यांत 124 युनिट.

दरांसाठी मी गोल आकडे घेतो, म्हणजे हिशोब डोळ्यांसमोर राहील. तुम्ही करताना तुमच्या बिलावर छापलेले स्लॅब आणि दर घ्या. आपण धरू की महिन्याला पहिल्या 20 युनिटना 10 रुपये दर आहे, 21 ते 30 ला 15 रुपये, 31 ते 80 ला 20 रुपये आणि 80 च्या वर 25 रुपये. स्लॅबचा अर्थ नीट घ्या. तुम्ही 31 युनिट वापरले म्हणून सगळ्या 31 युनिटना 20 रुपये लागत नाहीत. पहिले 20 दहानेच, पुढचे 10 पंधराने, आणि फक्त शेवटचं एक युनिट वीसने. वरच्या स्लॅबमध्ये गेलो म्हणजे सगळंच महागलं, ही भीती खरी नाही. महाग होतो तो फक्त वरचा भाग.

जुनी तीन बिलं प्रत्येकी 18 युनिटची, म्हणजे 180 रुपये पाणी. तिन्ही मिळून 540 भरलेले.

आता एप्रिलचं बिल. ते दोन तऱ्हांनी काढता येतं, आणि सगळा घोळ या दोन तऱ्हांमध्ये आहे. पहिली तऱ्हा: 124 युनिट हा जणू एकाच महिन्याचा वापर आहे असं धरलं. मग पहिल्या 20 चे 200, पुढच्या 10 चे 150, त्यापुढच्या 50 चे 1000, आणि उरलेल्या 44 चे 25 रुपयांप्रमाणे 1100. एकूण 2450. त्यातून भरलेले 540 वजा केले तर 1910 रुपये येणं.

दुसरी तऱ्हा: 124 युनिट चार महिन्यांचे आहेत, तर स्लॅबही चार महिन्यांचे मिळायला हवेत. महिन्याला 31 युनिट. पहिल्या 20 चे 200, पुढच्या 10 चे 150, शेवटच्या एकाचे 20, म्हणजे महिन्याला 370. चार महिन्यांचे 1480. भरलेले 540 वजा, तर येणं 940.

पाणी तेच, मीटर तेच, दरपत्रक तेच. फरक 970 रुपयांचा. म्हणून बिल वाढलेलं दिसलं की आकड्याकडे बघण्याआधी बिलाचा कालावधी बघा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. मग स्लॅबच्या तक्त्यात पहिल्या स्लॅबमध्ये किती युनिट धरली आहेत ते बघा. चार महिन्यांच्या बिलात आपल्या उदाहरणातल्या पहिल्या स्लॅबमध्ये 80 युनिट दिसायला हवीत. तिथे 20 च दिसली, तर स्लॅब विभागलेले नाहीत आणि सुधारित बिल मागायला तुमच्याकडे ठोस कारण आहे. कालावधी महिन्यात नीट बसत नसेल तर दिवसांवर हिशोब करा. 10 डिसेंबर ते 10 एप्रिल म्हणजे 121 दिवस. 124 ला 121 ने भागलं की दिवसाला साधारण 1025 लिटर येतात. हा दिवसाचा आकडा लिहून ठेवा, गळती शोधताना तो पुन्हा लागेल.

सरासरीच्या महिन्यांचे पैसे वजा झालेत ना, हेही इथेच तपासायचं. मागचं रीडिंग म्हणून बिलावर 1412 छापलं असेल, म्हणजे डिसेंबरचं खरं रीडिंग, तर तीन महिन्यांचे भरलेले पैसे वजा दिसलेच पाहिजेत. मागचं रीडिंग 1466 छापलं असेल, म्हणजे सरासरी मिळवत नेलेला आकडा, तर वापर 70 युनिटच दिसेल आणि वेगळी वजावट नसेल. दोन्ही पद्धतींत पाण्याची बेरीज 124 च होते. पण 70 युनिट एका महिन्याच्या मानल्या गेल्या तर स्लॅबचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एक लहान गोष्ट इथे सांगून टाकतो. नागपूरच्या पाणी उपविधींत दर वर्षी 5 टक्के दरवाढीची तरतूद आहे आणि नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. तुमच्या बिलाचा कालावधी 1 एप्रिल ओलांडत असेल तर त्याआधी वापरलेल्या पाण्याला जुनाच दर लागायला हवा. तक्रारीत हे जरूर लिहा, पण सगळा जोर त्यावर देऊ नका. पाच टक्क्यांनी 180 चे 189 होतात, 1910 होत नाहीत. दहापट वाढलेल्या बिलाचं कारण दरवाढीत शोधणारी माणसं मी पुष्कळ बघतो, आणि तेवढ्यात गळती आणखी एक महिना चालू राहते.

मलनिःसारणाची ओळ

घरात आलेलं पाणी बहुतेक सगळं सांडपाणी होऊन गटारात जातं. ते वाहून नेणं आणि शुद्ध करणं याचा खर्च दोन वाटांनी वसूल होऊ शकतो, आणि नव्या माणसाची गफलत इथेच होते. एक वाट मालमत्ता कराची. राज्याच्या महानगरपालिका कायद्यात मालमत्ता कराचाच भाग म्हणून मलनिःसारणाचा कर आहे. तो घराच्या करमूल्यावर असतो. तुमचं मीटर कितीही फिरो, तो तसाच राहतो. दुसरी वाट पाण्याच्या बिलातली, वापरावर लागणारा आकार.

पाण्याच्या बिलात अशी ओळ असेल तर ती कशावर लागली आहे, हे कुणाला न विचारता शोधता येतं. दोन बिलं घ्या, एक नेहमीचं आणि एक फुगलेलं. प्रत्येक बिलात मलनिःसारणाच्या रकमेला पाण्याच्या रकमेने भागा. समजा जुन्या बिलात पाणी 180 आणि मलनिःसारण 36 आहे, तर उत्तर 0.20. फुगलेल्या बिलात पाणी 2450 आणि मलनिःसारण 490, तर पुन्हा 0.20. उत्तर सारखं आलं म्हणजे हा आकार पाण्याच्या रकमेच्या टक्केवारीत आहे, आपल्या उदाहरणात वीस टक्के. आणि दोन्ही बिलांत रक्कमच तेवढीच, 36 आणि 36 दिसली, तर तो ठरावीक आकार आहे आणि बिल वाढण्याशी त्याचा संबंध नाही.

टक्केवारीचा असेल तर त्यातून एक गोष्ट आपोआप निघते. पाण्याचा हिशोब दुरुस्त झाला की या ओळीचाही झालाच पाहिजे. आपल्या घराचं पाणी 2450 वरून 1480 वर आलं, तर मलनिःसारण 490 वरून 296 वर यायला हवं. जुन्या तीन बिलांत प्रत्येकी 36, म्हणजे 108 भरलेले, तेही वजा. म्हणजे आधी एकूण येणं 2292 होतं, आता 1128. सुधारित बिल हातात आल्यावर माणूस पाण्याची रक्कम बघून खूश होतो आणि खालची ओळ जुनीच राहिली तर त्याच्या लक्षातही येत नाही. दोन्ही ओळी बघा.

शहराच्या कडेच्या नव्या लेआउटमध्ये घर असेल आणि सांडपाणी अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जात असेल, तर हा आकार तुम्हाला कोणत्या आधारावर लागला आहे, हे लेखी विचारा. घराला गटारीची जोडणी आहे की नाही, याची नोंद कागदावर चुकीची असू शकते.

या दोन ओळींखेरीज थकबाकी आणि विलंब शुल्क असतं. मागचं एखादं बिल भरलं आणि त्याची नोंद झाली नाही, तर ते इथे थकबाकी म्हणून दिसतं. भरल्याची पावती घेऊन गेलात की काम होतं. वाढ तपासताना मात्र थकबाकी आधी बाजूला काढा आणि फक्त या कालावधीच्या पाण्याचाच विचार करा.

आता स्वतःला विचारायचा प्रश्न: पाणी गेलं कुठे?

बिल दुरुस्त होऊन 1128 वर आलं तरी काम संपत नाही. दिवसाचा 1025 लिटर हा आकडा आठवा. नळयोजना आखताना, गटारी असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांचे 675 लिटर. म्हणजे या घरात दिवसाला 350 लिटर पाणी असं जातं आहे ज्याचा हिशोब लागत नाही. तासाला पंधरा लिटरच्या आसपास. एका मिनिटाला पाव लिटर, म्हणजे दोऱ्याएवढी धार. ही धार कमोडच्या आतल्या भिंतीवरून उतरत असेल तर पांढऱ्या भांड्यात ती दिसतही नाही.

नागपुरात सगळे आधी कूलरचं नाव घेतात, म्हणून त्याचा हिशोब करून टाकू. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना मोठ्या कूलरची साठ लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते असं धरा. दिवसाला 120 लिटर, महिन्याला साडेतीन युनिटच्या वर. दोन कूलर असतील तर सात युनिट. म्हणजे उन्हाळ्यात 20 चे 27 युनिट झाले तर दोष कूलरचा, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. पण आपल्या घराचं बिल डिसेंबर ते 10 एप्रिलचं आहे. त्यातला बहुतेक काळ कूलर गच्चीवर झाकून ठेवलेला होता. आणि 20 चे 60 युनिट झाले तर ते कोणत्याही दोन कूलरचं काम नाही. कूलरला पाइप जोडून आपोआप भरायची सोय केली असेल तर मात्र त्याचा बॉल बघा. बॉल अडकला की पाणी खिडकीबाहेरच्या बाजूने रात्रभर गळतं आणि घरातल्या कुणाला कळत नाही.

तपासणी दोन भागांत करायची, कारण ज्या घरात संप आहे तिथे मीटरला फक्त संपापर्यंतचं पाणी कळतं. वरच्या टाकीनंतर काय होतं ते त्याला थेट दिसत नाही.

पहिला भाग मीटर ते संप. संध्याकाळी संप पूर्ण भरू द्या. भरला की बॉल वर येऊन पाणी बंद व्हायला हवं. आता पंप सुरू करू नका आणि मीटरची चांदणी बघा. नळाला दाब असताना चांदणी फिरत राहिली तर एकतर बॉल नीट बसत नाही आणि जादा पाणी संपाच्या वरच्या भोकातून मातीत जातं आहे, नाहीतर मीटर आणि संपाच्या मधला जमिनीतला पाइप फुटला आहे. कोणतं ते ओळखायला संपाच्या तोंडाशी कॉक असेल तर तो बंद करा. चांदणी थांबली तर दोष बॉलचा, फिरतच राहिली तर पाइपचा. जुन्या घरांत जीआय पाइप फरशीखालून गेलेला असतो आणि त्याला गंज लागतो. अंगणात एखाद्या ठिकाणी उन्हाळ्यातही ओल किंवा हिरवं गवत दिसत असेल तर तिथे खणून बघायला हरकत नाही.

दुसरा भाग वरची टाकी आणि घर. रात्री टाकी भरून घ्या, सगळ्यांचं आवरलं की टाकीत पाण्याची पातळी मोजपट्टीने मोजा. गच्चीवर काळोखात मोबाइलचा दिवा लागेल, आणि एक माणूस शिडीला धरून उभा असू द्या. रात्री कुणी फ्लश किंवा नळ वापरू नये असं सांगून ठेवा. गरज पडलीच तर बादलीतलं भरलेलं पाणी वापरा. सकाळी पहिला नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर गेले. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत पातळी दहा सेंटिमीटर उतरली तर नव्वद-पंचाण्णव लिटर, म्हणजे तासाला पंधरा-सोळा लिटर. आपण बिलावरून काढलेला आकडाही तेवढाच होता. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं की मीटर खराब असल्याची शंका सोडून द्यावी. मीटर बरोबर सांगत होतं.

मग दोषी जागा शोधायची. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचं रबर झिजलं आहे. बहुतेक घरांत कारण हेच निघतं, आणि ते रबर बदलणं प्लंबरचं फार तर अर्ध्या तासाचं काम आहे. रंग उतरला नाही तर टाकीतली पातळी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून वरून सांडते आहे का ते बघा. तसं असेल तर बॉल खाली वाकवून किंवा स्क्रूने पातळी कमी करावी लागेल. घरात दोन संडास असतील तर दोन्ही तपासा, पाहुण्यांचा म्हणून क्वचित वापरतो तोही.

पातळी अजिबात उतरली नाही आणि खालचा भागही कोरडा निघाला, तर वापरण्याच्या सवयीकडे बघा. पंप चालू करून विसरणं हे फार मोठं कारण आहे. घरगुती पंप मिनिटाला तीस लिटर चढवत असेल आणि टाकी भरल्यावर पंधरा मिनिटं तसाच चालू राहिला, तर साडेचारशे लिटर गच्चीवरून पन्हाळीत गेले. आठवड्यातून दोनदा असं झालं की महिन्याला जवळजवळ चार युनिट.

हे सगळं तपासून काहीच सापडलं नाही, तरच मीटर तपासणीची मागणी करा. त्याआधी घरी एक साधी चाचणी करता येते. मीटरनंतरच्या पहिल्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवा आणि लाल काट्यांवरचा आकडा लिहा. पाच बादल्या भरा, म्हणजे शंभर लिटर. मीटरनेही शंभरच्या आसपास दाखवायला हवेत. दोन-चार लिटरचा फरक बादलीच्या मापातला असू शकतो. शंभरचे एकशे वीस दाखवले तर तक्रारीला आधार आहे. जिथे पाणी ठरावीक वेळच येतं तिथे ही चाचणी नळ आल्याबरोबर करू नका. सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडते आणि तिनेही मीटर फिरतं. दहा मिनिटं धार स्थिर होऊ द्या. हवेमुळे मीटर जोरात फिरताना दिसत असेल तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा आणि तक्रारीत तो मुद्दा स्वतंत्र लिहा.

तक्रार कशी लिहायची

झोन कार्यालयात जाताना अर्ज एक पानाचा असावा आणि त्यात भावना कमी, आकडे जास्त असावेत. ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, बिलाची तारीख आणि कालावधी वर. खाली सांगायचं ते असं: "10 डिसेंबर ते 10 एप्रिल या 121 दिवसांचा वापर 124 युनिट आहे. मधल्या तीन महिन्यांची बिलं सरासरीने आली व ती भरली आहेत. स्लॅब चार महिन्यांत विभागून, भरलेली रक्कम वजा करून, पाणी आकार व मलनिःसारण आकार दोन्हींचं सुधारित बिल द्यावं." सोबत मीटरचा तारखेसह फोटो, मागच्या बिलांच्या आणि पावत्यांच्या प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं झालं तर ज्यांच्याशी झालं त्यांचं पद लिहून ठेवा.

बिलाच्या शेवटच्या तारखेच्या आधी जा. तारीख उलटली की विलंब शुल्क लागत जातं आणि वादात आणखी एक ओळ वाढते. तुमच्या हिशोबाने जेवढी रक्कम नक्की देणं लागते तेवढी भरून घेतील का, हे खिडकीवर विचारा, आणि घेतली तर पावतीवर अंशतः भरणा असा उल्लेख करून घ्या. झोनमध्ये दाद लागली नाही तर पालिकेच्या जलप्रदाय विभागाकडे त्याच पोचेच्या प्रतीसह लेखी जायचं.

भाडेकरूंनी एक जास्तीची काळजी घ्यायची. बिल घरमालकाच्या नावाचं असतं, त्यामुळे अर्जावर त्यांची सही किंवा त्यांचं संमतीपत्र लागेल. घरमालक बाहेरगावी असतील तर मोबाइलवर पाठवलेलं पत्र छापून जोडा. घर ताब्यात घेताना मीटरचं रीडिंग करारनाम्याच्या मागे लिहून दोघांच्या सह्या झालेल्या असतील, तर आधीच्या भाडेकरूच्या काळातलं सरासरीचं ओझं तुमच्या माथी येत नाही. समजा आपल्या उदाहरणातलं कुटुंब 1 मार्चला राहायला आलं होतं, तर 124 पैकी डिसेंबर ते फेब्रुवारीचा वापर त्यांचा नाहीच. पण 1 मार्चचं रीडिंग कुणी लिहिलं नसेल तर ते सिद्ध कसं करणार? तसं झालं असेल तर दिवसांच्या प्रमाणात वाटणी करा: 121 पैकी 40 दिवस तुमचे, म्हणजे 124 पैकी 41 युनिट. गळती आधीपासून होती की नंतर सुरू झाली हे कुणालाच ठरवता येत नसेल, तर दोन्ही बाजूंना मान्य होईल असा हिशोब यापेक्षा वेगळा निघणं कठीण आहे.

फ्लशचं रबर बदलल्यावर सात दिवस रोज ठरावीक वेळी मीटरचा फोटो काढा. आपल्या घरात दिवसाचा वापर 1025 वरून 700 च्या आसपास यायला हवा, म्हणजे आठवड्यात काळा आकडा साधारण पाचने पुढे जाईल. सातने गेला तर रबर बदललं तरी दुसरा संडास किंवा संपाचा बॉल अजून बघायचा राहिला आहे.